भारतातल्या सिमचा ओटीपी दुबई-शारजात येत नसेल तर



आपल्या बऱ्याच घरांतली मुलं आणि नातवंडं आता दुबई, शारजा, अबुधाबीला नोकरीसाठी आहेत, आणि आपण वयस्कर मंडळी थंडीचे दोन-तीन महिने त्यांच्याकडे राहायला जातो. तिकीट, व्हिसा, विमा हे सगळं मुलं बघतात. बँकेच्या ओटीपीची आठवण मात्र पहिल्यांदा पैसे पाठवायची वेळ येते तेव्हाच होते. पासवर्ड बरोबर असतो, पण त्यानंतरचा सहा आकडी नंबर ठाण्याच्या किंवा अलिबागच्या सिमवर जातो, आणि ते सिम शारजात मुकं झालेलं असतं. निवृत्त झाल्यापासून नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच जणांचं हे काम माझ्याकडे येतं, म्हणून जे उपयोगी पडलं ते इथे लिहून ठेवते.

आधी एसएमएस परदेशात पोचतो कसा ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. बँकेने पाठवलेला ओटीपी थेट दुबईला जात नाही. तो आधी तुमच्या भारतीय मोबाईल कंपनीकडे जातो. तुमचं सिम सध्या कुठल्या देशात, कुठल्या कंपनीच्या टॉवरवर आहे याची नोंद तिच्याकडे असते, आणि त्या नोंदीप्रमाणे ती मेसेज पुढे धाडते. अमिरातीत मुख्य कंपन्या दोन, एतिसलात आणि डू. तुमचं सिम या दोनपैकी एकीच्या टॉवरवर नोंदलं गेलं, तरच भारतातल्या कंपनीला तुमचा पत्ता मिळतो. नोंदणी झाली नसेल तर मेसेज भारतातच अडकून राहतो.

ही नोंदणी व्हायला दोन परवानग्या लागतात, आणि लोक नेमक्या याच दोन एकमेकींत मिसळतात. पहिली म्हणजे तुमचं नेहमीचं रिचार्ज जिवंत असणं. दुसरी म्हणजे त्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असणं. रोमिंग चालू आहे पण २८ दिवसांचं रिचार्ज संपलं, तरी ओटीपी बंद होतो. रिचार्ज वर्षभराचं आहे पण रोमिंग चालूच केलेलं नाही, तरीही बंद. इंटरनेटचा याच्याशी संबंध नाही. फोनमधलं Data roaming बंद ठेवलं तरी एसएमएस येतो, आणि ते बंदच ठेवावं, नाहीतर बिल वाढतं. बहुतेक भारतीय कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत. येणाऱ्या कॉलचे मात्र घेतात. म्हणून भारतीय नंबरवर कॉल आला तर सरळ उचलू नये, मुलाच्या फोनवरून आपण उलट फोन करावा.

आता एक प्रत्यक्ष घडलेलं सांगते. माझी नणंद ७९ वर्षांची, तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ८ नोव्हेंबरला ती ठाण्याहून शारजाला मुलाकडे गेली, जानेवारीअखेर परत यायची होती. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, नाही दिला तर पुढचं पेन्शन अडतं. "तिथूनच फोनवर करू," असं माझ्या भाच्याने ठरवलं होतं. त्याशिवाय सोसायटीचे पैसे आणि घरी येणाऱ्या बाईचा पगार हेही तिच्याच खात्यातून नेटबँकिंगने जायचं होतं. बाराव्या दिवशी भाच्याचा फोन आला, "मामी, आईचा ओटीपी येतच नाही. चार वेळा मागवला. बँकेचंच काहीतरी बिघडलंय."

वॉर्डात ड्रिप थांबली की आम्ही आधी बाटली, मग नळी, मग सुई बघायचो, एकदम डॉक्टरांना बोलवायचो नाही. तसंच इथे. मी पहिलं विचारलं, "सिम आहे कुठे?" ते पाकिटात होतं. विमानतळावर मिळालेलं तिथलं सिम फोनमध्ये घालताना भारतीय सिम काढून ठेवलं होतं. हे फार घरांत होतं. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असते. भारतीय सिम जागचं हलवायचं नाही, तिथलं सिम दुसऱ्या खणात घालायचं, दोन्ही चालू ठेवायची आणि इंटरनेट तेवढं तिथल्या सिमवर लावायचं. व्हॉट्सॲपने "नंबर बदलायचा का?" असं विचारलं तर नाही म्हणायचं, ते जुन्याच नंबरवर राहतं.

सिम परत घातलं तरी पडद्यावर No service असंच दिसत होतं. मग दुसरी पायरी. फोनच्या Settings मध्ये त्या सिमच्या नेटवर्कच्या पानावर, फोनने नेटवर्क आपोआप निवडावं अशा अर्थाचं एक बटण असतं. आयफोनमध्ये ते Network Selection खाली Automatic या नावाने आहे. ते बंद केलं की फोन आसपासचे टॉवर शोधतो आणि एक-दोन मिनिटांत कंपन्यांची यादी दाखवतो. भाच्याला यादीत दोन्ही नावं दिसली. त्याने आधी एक निवडलं, फोनने नकार दिला. दुसरं निवडलं, तिथेही नकार.

इथेच निदान होतं, म्हणून जरा सावकाश वाचा. यादीत एकही नाव आलं नाही, तर दोष फोनचा किंवा सिम नीट न बसल्याचा. नावं आली आणि एकीने घेतलं, दुसरीने नाकारलं, तर जिने घेतलं तिच्यावर राहायचं, काम झालं. पण नावं दिसतात आणि दोघीही नाकारतात, तेव्हा फोन चांगला आहे, सिग्नलही आहे; भारतातल्या कंपनीने परवानगी दिलेली नाही. मग फोन बंद-चालू करण्यात किंवा बँकेशी भांडण्यात अर्थ नसतो.

नणंदेच्या नंबरवर रोमिंग कधी चालूच केलेलं नव्हतं. ते चालू करायला भाच्याने वायफायवर मोबाईल कंपनीचं ॲप उघडलं, तर ॲपने आत शिरायला ओटीपी मागितला, त्याच मुक्या नंबरवर! परदेशात बसून सगळ्यात जास्त लोक अडकतात ते या गाठीत. सुटका अशी झाली की प्रीपेड नंबरवर रिचार्ज दुसरं कोणीही करू शकतं. माझ्या मुलीने मुंबईहून स्वतःच्या फोनवरून आत्याच्या नंबरवर छोटा रोमिंग पॅक घेतला. त्या कंपनीत पॅक घेतला की रोमिंग आपोआप चालू होतं. मग शारजात फोन बंद करून पाच मिनिटांनी चालू केला, आणि त्यावर तिथल्या कंपनीचं नाव आलं.

लगेच मेसेज धडाधड आले. त्यांत बँकेचे काही जुने ओटीपीही होते. भाचा त्यातलाच एक टाकायला निघाला होता, मी थांबवलं. ओटीपी काही मिनिटांचाच असतो, शिवाय नवा मागवला की बहुतेक ठिकाणी आधीचा रद्द होतो. चुकीचे आकडे दोन-तीनदा पडले तर बँक खातंच काही वेळ बंद करते. म्हणून जुने मेसेज सोडून द्यायचे, एकदाच नवा ओटीपी मागवायचा आणि हात आवरून वाट बघायची. सारखं सारखं Resend दाबलं की मेसेज मागेपुढे पोचतात, आणि आपण हमखास भलता नंबर टाकतो.

त्याआधी मी भाच्याला आणखी एक चाचणी करायला लावली, ती तुम्हीही पहिल्याच दिवशी करा. भारतातून कोणाला तरी आपल्या भारतीय नंबरवर साधा एसएमएस पाठवायला सांगा. व्हॉट्सॲप नको, एसएमएसच. तो आला आणि बँकेचा ओटीपी आला नाही, तर सिम ठीक आहे. मग मेसेजच्या ॲपमधला स्पॅमचा कप्पा बघायचा, आणि बँकेकडे कुठला नंबर नोंदवलेला आहे ते बघायचं. साधा एसएमएसही आला नाही, तर बँकेला फोन लावण्यात वेळ घालवू नका, दोष सिमच्या बाजूला आहे. ही चाचणी विमान उतरल्याच्या दिवशी केली तर दुरुस्तीला वेळ मिळतो. हप्त्याच्या शेवटच्या तारखेला केली तर नाही मिळत.

नणंदेचं एवढ्यावर संपलं नाही. तिचं नेहमीचं रिचार्ज २८ दिवसांचं होतं, १ नोव्हेंबरला केलेलं, म्हणजे २८ तारखेला संपणार. मुलीने त्याच बैठकीत ८४ दिवसांचं घालून टाकलं. जाणाऱ्याने परतीची तारीख काढून त्यापुढे निदान आठ-दहा दिवस जातील एवढं रिचार्ज निघण्याआधीच करावं. सलग ९० दिवस नंबर काहीच वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि काही काळाने तो दुसऱ्या माणसाला जातो. मग तुमचे ओटीपी कोणाच्या खिशात पडतील याचा विचार करा.

निघण्याआधीची आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती दुकानदार सांगत नाहीत. सिम बदललं की, म्हणजे जुनं खराब झालं म्हणून नवं घेतलं किंवा साध्या सिमचं ई-सिम करून घेतलं, तर नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. चोराने आपल्या नावाचं सिम काढून पैसे पळवू नयेत म्हणून दूरसंचार खात्याने २०२२ मध्ये हा नियम केला. नियम चांगला आहे, पण विमानाच्या आदल्या दिवशी सिम बदललं तर तो आपल्यालाच नडतो. बदलायचं असेल तर आठवडाभर आधी बदला. ई-सिमबद्दल माझं मत विचाराल तर वयस्कर माणसाने प्लास्टिकचं सिमच ठेवावं. फोन पडून फुटला तर ते काढून मुलीच्या जुन्या फोनमध्ये मिनिटात घालता येतं. ई-सिम दुसऱ्या फोनवर न्यायला पुन्हा कंपनीची परवानगी आणि पडताळणी लागते, आणि ती परदेशातून करणं कटकटीचं असतं. सिमच हरवलं तर नवं घ्यायला सहसा ओळखपत्र घेऊन स्वतः भारतातल्या दुकानात जावं लागतं. तेव्हा ते पासपोर्टसारखं जपा.

हे झालं सिम जिवंत ठेवण्याचं. पण सगळा भार एका सिमवर का ठेवायचा? काही दारं अशी आहेत की ती एसएमएसशिवायही उघडतात, फक्त त्यांची किल्ली भारतात असतानाच करून घ्यावी लागते.

सुरुवात ई-मेलपासून करा, बँकेपासून नाही. कारण बऱ्याच बँका विचारल्यास ओटीपी ई-मेलवरही पाठवतात, पण नव्या देशातून जीमेल उघडताना गूगलच तुमच्या भारतीय नंबरवर ओटीपी पाठवू लागलं, तर फिरून तिथेच आलो. त्यासाठी गूगल खात्याच्या Security या भागात 2-Step Verification मध्ये Backup codes असतात. तिथे आठ-आठ आकड्यांचे दहा नंबर मिळतात. ते कागदावर उतरवून पासपोर्टबरोबर ठेवायचे, आणि एक वापरला की त्यावर काट मारायची, कारण प्रत्येक एकदाच चालतो. याला ना सिम लागतं ना सिग्नल. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवू नका. फोन हरवला तर कुलूप आणि किल्ली दोन्ही एकदम जातात.

त्याच पानावर Authenticator ही दुसरी सोय आहे. हे एक ॲप असतं. एकदा जोडलं की ते दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी नंबर स्वतःच तयार करतं, इंटरनेटशिवायसुद्धा. गूगल आणि तुमचा फोन एकच गुप्त संख्या आणि घड्याळाची वेळ घेऊन तेच गणित करतात, म्हणून दोघांचं उत्तर जुळतं. पण त्यामुळेच यात एक फसगत आहे. अमिरातीची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. फोनने ती आपोआप बदलली तर काही बिघडत नाही, कारण ॲप स्थानिक वेळ न बघता जगाची सामायिक वेळ बघतं. पण कोणी हाताने काटे फिरवावेत तसं फोनचं घड्याळ दीड तास मागे केलं आणि देश भारतच ठेवला, तर ती सामायिक वेळच चुकते आणि एकही नंबर लागत नाही. "ॲप बिघडलं" अशी तक्रार आली की मी आधी तारीख-वेळेच्या पानावर आपोआपचं बटण चालू आहे का ते विचारते.

यानंतर बँक. शाखेत जाऊन सरळ विचारा, "मी तीन महिने दुबईला आहे, ओटीपी ई-मेलवर मिळेल का?" स्टेट बँकेचं नेटबँकिंगसाठी Secure OTP नावाचं वेगळं ॲप आहे, ते बसवताना नोंदलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं, म्हणून घरीच बसवून, एकदा वापरून बघून मग निघावं. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत, त्यांत एसएमएसऐवजी दुसऱ्या पद्धतींनाही वाव दिलेला आहे. तेव्हा आपल्या बँकेने काय नवीन आणलंय हे दरवेळी नव्याने विचारावं. मात्र ई-मेल पत्ता बदलणं, नवी सोय जोडणं यालाही ओटीपी लागतो, म्हणून हे काम तिथे गेल्यावर होत नाही.

बँकेचं आणि यूपीआयचं ॲप फोनला आणि सिमला बांधलेलं असतं. पहिल्यांदा जोडताना ते आपल्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस बाहेर पाठवतं. रोमिंगमध्ये त्या एसएमएसला पैसे पडतात आणि पुष्कळदा तो जातच नाही. म्हणून तिथे असताना ही ॲप्स काढून परत टाकू नका, आणि नातवाने हौसेने नवा फोन आणला तरी बँक जुन्याच फोनवर राहू द्या. व्हॉट्सॲपचा कॉल अमिरातीत लागत नाही, म्हणून कोणीतरी फोनमध्ये व्हीपीएन टाकून देतं. तेही नको. काही बँक ॲप्स त्यामुळे उघडत नाहीत, आणि व्हीपीएनच्या गैरवापराबद्दल तिथले कायदे कडक आहेत.

आता बरेच जण करतात तो उपाय, सिम मुंबईतच पुतण्याच्या फोनमध्ये ठेवायचं आणि ओटीपी त्याने फोन करून सांगायचा. अगदीच दुसरी वाट नसेल तर एखाद्या वेळेला हे चालतं. पण ओटीपी कोणालाही सांगू नये ही बँकेची अट आहे. पुढे काही गडबड झाली तर "तुम्हीच सांगितला" म्हणून हात वर होतात. पुतण्या कितीही भला असला तरी तो लोकलमध्ये असतो, झोपलेला असतो. शिवाय सिम फोनमध्ये नाही म्हणून आपल्या हातातलं बँकेचं ॲपही उघडत नाही. एसएमएस आपोआप दुसरीकडे पाठवणारी ॲप्स तर मुळीच टाकू नका. ओटीपी चोरायला भामटे हीच पद्धत वापरतात.

हयातीच्या दाखल्याचं काय झालं ते राहिलं. सिम चालू झाल्यावर भाच्याने जीवन प्रमाणचं चेहरा ओळखणारं ॲप फोनवर घेतलं. सुरुवातीला ओटीपी आला, मग आधारशी चेहरा जुळवायचा होता. दोनदा जुळला नाही, कारण ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. तोंडावर उजेड येईल असं बसवून चष्मा काढायला लावला, तेव्हा जुळला. नसताच जुळला तर दुसरी वाट होती. अबुधाबीतला भारतीय दूतावास आणि दुबईतला वाणिज्य दूतावास पेन्शनरांना हयातीचा दाखला देतात, त्याला ओटीपी लागत नाही. तिथे पासपोर्ट आणि पेन्शनचे कागद घेऊन स्वतः हजर राहावं लागतं, म्हणून पेन्शनच्या कागदांची प्रत सामानात असू द्यावी. जाण्याआधी वेळ घ्यावी लागते का ते मुलांना बघायला सांगा.

आणि परत आल्यावर एक छोटं काम. तिथे नेटवर्क हाताने निवडलं असेल, तर मुंबईत उतरल्यावर ते बटण पुन्हा Automatic वर करा. नणंदेचा फोन ठाण्याला पोचेपर्यंत शारजाचाच टॉवर शोधत होता, आणि तिला न्यायला आलेला ड्रायव्हर विमानतळाबाहेर तासभर फोन लावत उभा होता.